द्राक्षमळ्यातले मजूर आणि आमची भाऊबंदकी : वाडीतल्या प्रवचनासाठी मदत हवी

सुरंगीचा वळेसर

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. शाळेतून निवृत्त झाले, धर्माने कॅथलिक. आमच्या वाडीत महिन्यातून एकदा कुणाच्या तरी पडवीत प्रार्थनासभा असते. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी प्रवचन फादरच करतात, पण पडवीतल्या सभेत आमच्यापैकी कुणीही बोलू शकतं. या वेळी फादरांनी ते माझ्या गळ्यात घातलंय. विषयही त्यांनीच दिला : शेजारी आणि नातेवाईक यांच्यातला मत्सर. उतारा संत मत्तय, अध्याय २०, ओवी १ ते १६.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एक मळेवाला पहाटे नाक्यावर जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, दर वेळी उभे असतील त्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी पाचला परत जातो, तेव्हाही काही जण उभेच असतात. त्यांनाही पाठवतो. सूर्य मावळताना कारभाऱ्याला सांगतो, मजुरी दे, पण शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पाचला आलेल्यांना अख्खा दिनार मिळतो. पहाटेच्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार. मग कुरकुर.

माझी अडचण अशी. सभेत दोन भाऊ येऊन बसणार आहेत (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). थोरल्याने तीस वर्षं माड शिंपले, कलमं राखली, अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं केलं. धाकटा मुंबईत नोकरीला. पाच वर्षांपूर्वी परत आला. आईने जाण्याआधी दोघांना सारखे वाटे केले. धाकट्याचा वाटा निघाला नेमका समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. त्याने चार खोल्या बांधल्या, आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. थोरल्याची कलमं मागे, आणि दोन वर्षं मोहोर अवकाळीने नि तुडतुड्याने गेला. बाव सामायिक आहे. सध्या बावीवरचा पंप कुणी किती वाजता लावायचा यावरून भांडण, बाकी बोलणं बंद.

मी मसुद्यात लिहिलंय की पाचला आलेले आळशी होते, तरी देवाने त्यांना पदरात घेतलं, तसं आपणही घ्यावं. वाचून बघितलं तर मलाच पटेना. काय चुकतंय?

नाखवा

बाई, आमच्या रापणीत हे रोजचं. जाळं किनाऱ्याला येत आलं की वाटेने जाणारा माणूसही दोरीला हात लावतो. जाताना त्याच्या पिशवीत मूठभर बांगडे-तारली पडतातच. "तू आत्ताच आलास" असं कोण बोलत नाही. हेच सांगा सभेत.

वाट्याचा हिशेब

नाखवा, मूठभर पडतात, वाटा पडत नाही. वाटा जाळ्याचा, होडीचा आणि पहिल्यापासून असणाऱ्या माणसांचा. शेवटी हात लावणाऱ्याला तुम्ही पूर्ण वाटा द्या, मग बघा संध्याकाळी किनाऱ्यावर काय होतं ते. गोष्टीत मूठभर दिलेलं नाही, सारखं दिलंय. भांडण तिथेच आहे.

नाखवा

ता मात्र खरां.

पानमळा, वसई

मी तरुणपणी चार वर्षं सेमिनरीत होतो, पुढे बाहेर पडून संसाराला लागलो. थोडं अभ्यासलेलं आठवतं ते सांगतो.

ताई, आधी ते "आळशी" काढून टाका. मळेवाला पाचला विचारतो, दिवसभर इथे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. तो त्यावर उलटून काही बोलत नाही. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याने त्यांना आळशी म्हटलेलं नाही, ते आपण आपल्या पदरचं घालतो. नाक्यावर सकाळी कोण आधी उचलला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे : तरणा, धडधाकट, ओळखीचा. पाचपर्यंत उरतो तो म्हातारा, लंगडा, परगावचा. आणि पाचपर्यंत तो उभाच राहिला, घरी गेला नाही, कारण घरी जाऊन सांगणार काय.

दुसरी गोष्ट मोबदल्याच्या क्रमाची. मला ही सगळ्या दाखल्याची किल्ली वाटते. मळेवाल्याने पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते तर? ते ठरलेला दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. पाचच्यांना काय मिळालं ते त्यांना कळलंही नसतं. त्यांचं एका पैशाचं नुकसान झालेलं नाही. दुखायला लागलं ते दुसऱ्याच्या हातावर पडलेला दिनार बघितल्यावर. मालकाने मुद्दाम त्यांना बघायला लावलं.

आणि तक्रार नीट ऐका. "आम्हाला कमी दिलंस" असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, या शेवटच्यांनी एकच तास काम केलं आणि तू त्यांना आमच्या बरोबरीचं केलंस, आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं. सल पैशाचा नाही, बरोबरीचा आहे.

आबोली

ही तीच ना गोष्ट, ज्यात बाप गुबगुबीत वासरू कापतो आणि थोरला भाऊ रागावून घरात येत नाही? आमच्या शाळेत मिशनच्या बाईंनी सांगितली होती. ताईंच्या दोन भावांना अगदी फिट्ट.

पानमळा, वसई

ती वेगळी, लूकच्या १५व्या अध्यायातली, उधळ्या मुलाची. पण तुम्ही अगदीच भलतीकडे गेला नाहीत. तिथला थोरला आणि इथला पहाटेचा मजूर एकच वाक्य बोलतात : मी इतकी वर्षं राबलो. मात्र ताई, सभेत ती गोष्ट घेऊ नका. तिथला धाकटा पैसा उडवून आलाय. तुमच्या धाकट्याने मुंबईत नोकरी केली, उधळपट्टी नाही. "उधळ्या मुलगा" एवढं ऐकलं की तो उठून जाईल, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कातळसडा

नमस्कार. आमची जमीन रत्नागिरीकडे. महामार्गाच्या रुंदीकरणात चुलत्याच्या बाजूची पट्टी गेली, त्यांना मोबदला मिळाला. आमची पट्टी दोनशे फूट आत, आम्हाला काही नाही. मूळ सातबारा आजोबांच्या नावावर होता. मोबदल्यात आमचा हिस्सा मागता येईल का? कुणाला माहिती असल्यास सांगा.

सुरंगीचा वळेसर

दादा, हा धागा प्रवचनाचा आहे. वाटप कधी नि कसं झालं ते कागद बघून तालुक्याचा एखादा चांगला वकीलच सांगू शकेल. पण तुमचं ते "दोनशे फूट आत" माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या थोरल्याचंही तेच आहे. आईने वाटे केले तेव्हा मागचा वाटा चांगला मानला जात होता, कलमं होती त्यात. रस्त्याचा कुणी विचारही केला नव्हता.

गिरणगावचा

एवढा घोळ कशाला? गोष्ट सरळ समाजवादाची आहे. सगळ्यांना सारखी मजुरी. रस्किन या इंग्रज लेखकाने याच उताऱ्यातले शब्द घेऊन पुस्तकाला 'अन टू धिस लास्ट' नाव दिलं. गांधीजींनी ते १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचलं आणि त्याचं गुजराती सार काढलं, ते 'सर्वोदय'. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखी, हे त्यांनी त्यातूनच घेतलं. मालक-मजुरांची गोष्ट आहे, तिला भावाभावांच्या मत्सरात का अडकवता?

हापूसवाला

गिरणगावकर, पुस्तक तुम्ही वाचलं असेल, प्रयोग मी केलाय. मे महिन्याच्या शेवटी एकदा आभाळ भरून आलं. झाडावर शंभरेक पेट्या आंबा बाकी. पाऊस पडला की फळ डागणार. सकाळी नाक्यावरून आठ माणसं आणली होती, दुपारी तीनला आणखी चार आणली. संध्याकाळी काम आटपलं, मी खुशीत होतो, बाराही जणांना पूर्ण रोज दिला. सकाळचे आठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला नाक्यावर गेलो तर एकही गाडीत बसेना. एक जण हसत म्हणाला, शेठ, तीनला येतो.

प्रवचनात हे कुणी सांगत नाही.

पानमळा, वसई

हापूसवाले, मानलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण गोष्ट त्या दिवसाच्या संध्याकाळीच थांबते. दुसऱ्या दिवशी नाक्यावर काय झालं ते सांगितलेलंच नाही. आणि म्हणूनच गिरणगावकर, हिला मजुरीचा कायदा करता येत नाही. मळेवाला "यापुढे दर असा" म्हणत नाही. पहाटेच्यांशी त्याने करार केला, तो पाळला. नऊच्यांना म्हणाला, जे योग्य असेल ते देईन. पाचच्यांशी एवढंही ठरलं नाही, ते नुसत्या भरवशावर गेले. गांधीजींनी रस्किनमधून जे घेतलं ते मोठं आहे, पण ते रस्किनचं. मत्तयाने ही गोष्ट ठेवलीय कुठे ते बघा. अगदी आधी शिष्य पेत्र येशूला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? आणि गोष्ट संपल्यावर थोड्याच ओळींत दोन शिष्यांची आई येते, माझ्या मुलांना तुमच्या उजव्या-डाव्या बाजूला बसवा म्हणते. दोन्हीकडून नंबर लावण्याची घाई, मध्ये ही गोष्ट. म्हणजे ती आधी आलेल्यांसाठीच सांगितलीय. आपल्याच माणसांतला मत्सर हाच तिचा विषय आहे.

तुमच्या तीनच्या मजुरांनी जास्त झपाट्याने काम केलं असतं तर सकाळच्यांना ते सोसलं असतं का?

हापूसवाला

सोसलं असतं. कामाला वाघ आहे म्हटल्यावर कुणी बोलत नाही.

पानमळा, वसई

मग ऐका. ज्यूंच्या जेरुसलेमच्या तालमूद या जुन्या धर्मग्रंथात जवळपास अशीच गोष्ट आहे. एक तरुण रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अठ्ठाविसाव्या वर्षी वारला, त्याच्या अंत्यविधीत सांगितलेली. राजाने मजूर लावले. एकाचं काम इतकं उत्तम की दोन तासांनी राजा त्याचा हात धरून त्याच्याबरोबर फिरायला लागला. संध्याकाळी त्यालाही पूर्ण मजुरी. बाकीचे कुरकुरले तेव्हा राजा म्हणाला, याने दोन तासांत तुमच्या दिवसभराहून जास्त केलं. तिथे कारण दिलंय, ऐकणाऱ्याचं समाधान होतं. मत्तयाच्या गोष्टीत असं कारण कुठेच नाही. पाचच्यांनी काही विशेष केलं असतं तर मत्सराला पळवाट मिळाली असती. ती ठेवलेली नाही.

सुरंगीचा वळेसर

हे फार उपयोगी पडलं. धाकट्याबद्दल वाडीत हेच बोलतात : त्याने केलंय काय, नुसता रस्ता लागला. आणि खरं सांगायचं तर त्याने खरोखरच काही केलेलं नाही. आता हे तोंडावर कसं बोलू?

अजून एक विचारते. शेवटी मालक जे "डोळ्यां"बद्दल बोलतो, त्याचा नेमका अर्थ काय?

पानमळा, वसई

मूळ ग्रीक शब्द धरले तर मालक विचारतो : मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट का? ज्यू लोकांच्या बोलण्यात वाईट डोळा म्हणजे हेवा, आणि हात आखडणंही. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तोच वाक्प्रयोग आहे : दर सातव्या वर्षी कर्ज माफ करायचं, ते वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाकडे वाईट डोळ्याने बघू नकोस. आपल्या मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. डोळ्यांत खुपणं, डोळ्यांवर येणं, दृष्ट लागणं.

आबोली

अय्या, म्हणजे दृष्टच की! ताई, तुमच्याकडे ख्रिस्ती लोक दृष्ट काढतात का?

सुरंगीचा वळेसर

फादरांना सांगू नका, पण काढतात. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत. धाकट्याच्या बायकोने नव्या खोल्यांवर काळी बाहुली टांगलीय, खाली क्रूस. थोरल्याची बायको ती बाहुली बघते तेव्हा तिला वाटतं, ही माझ्यासाठीच टांगलीय. आणि तसं असेलही.

चिरेखाण

इतका वेळ नुसती वाचत होते. राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना असंच प्रवचन ऐकवलं होतं, आमच्या धर्मातलं, कुणी ते सांगत नाही. काकांनी वडिलांची सही घेऊन चिऱ्याच्या खाणीची जमीन स्वतःच्या नावावर केली. वडील बोलायला गेले की सगळे म्हणायचे, भावाचं चांगलं चाललंय ते तुला बघवत नाही. मत्सर, मत्सर. वडील शेवटी बोलायचेच थांबले. ताई, तुमच्या पडवीत असा कुणी बसला असेल तर? ज्याचं खरंच लुबाडलं गेलंय?

सुरंगीचा वळेसर

वाचून थांबले. हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पानमळा, वसई

चिरेखाणताई, तुमचं म्हणणं गोष्टीतच आहे. मालक आधी म्हणतो, गड्या, मी तुझ्यावर अन्याय करत नाही, तू एका दिनाराचं कबूल केलं होतंस ना? आधी हिशेब चोख, मग उदारपणाची भाषा. तो स्वतःच्या मालकीचं वाटतोय, दुसऱ्याचं नाही. आणि मजुरी सूर्य मावळायच्या आत देणं हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक, तोही त्याने पाळला. ठरलेला दिनार न देता कुणी हा दाखला तुमच्या तोंडावर मारत असेल तर तो दाखल्यातला मालक नाही. ताई, हे सभेत आधी सांगा. आपल्या समाजात तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलगा-मुलगी सारखेच वारस. एखादी बहीण माहेरचा वाटा मागत असेल आणि तिला मत्सरी म्हणत असतील, तर तो विषय वेगळा.

"गड्या" म्हणतो ते मात्र फार गोड समजू नका. मत्तयात तो शब्द तीनदा येतो, आणि तिसऱ्यांदा येशू तो यहूदाला म्हणतो, पकडायला आला तेव्हा.

सुरंगीचा वळेसर

दोन रात्री बसून नव्याने लिहिलं. मधला भाग देते.

"आपल्यापैकी कुणाची जमीन, कुणाचा पैसा खोटेपणाने गेला असेल तर ही गोष्ट त्याच्यासाठी नाही. त्याने आपला दिनार मागावा, मागतच राहावं. ही गोष्ट ज्यांना त्यांचा दिनार मिळालाय त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी. माझी धाकटी बहीण दहावी नापास. तिचा नवरा आखातात गेला आणि दहा वर्षांत तिचं दोन मजली घर झालं. मी बी.एड. केलं, बत्तीस वर्षं नोकरी केली, माझं घर अजून कौलारू. माझ्या पेन्शनीत काही कमी नाही. पण तिच्या घराला रंग लावायचं काम चाललं होतं तेव्हा मी पंधरा दिवस वाट बदलून बाजारात जात होते. पेन्शन माझ्या हातात, आणि डोळा तिच्या भिंतीवर. मी तीस वर्षं वर्गात उन्हातान्हाचे धडे शिकवले, आणि मला राग कशाचा होता? तिला मिळाल्याचा नाही. ती माझ्या बरोबरीची झाली याचा."

बहिणीला विचारूनच हे घेतलंय. हसली आणि म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तू मागच्या पाणंदीने जायचीस.

वाट्याचा हिशेब

बोट स्वतःकडे वळवलंत ते उत्तम. थोरला आता ऐकेल तरी. "धडे"वाली ओळ काढा, ती शिक्षिकेची आहे, बाकी सगळं बहिणीचं.

गिरणगावचा

मला अजूनही वाटतं, नाक्यावर पाचपर्यंत कामाविना माणसं का उभी राहतात हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही सगळे टाळताय. पण लिखाण चांगलं आहे.

सुरंगीचा वळेसर

काढली ती ओळ. आणि "आम्हाला कुणी कामाला लावलं नाही" हे वाक्य तुमच्यामुळे दोनदा वाचणार आहे.

सुरंगीचा वळेसर

काल सभा झाली. कातळसडा, हापूसवाले, सगळ्यांची आठवण निघाली मनात. पंचवीसेक माणसं होती. दोघे भाऊ आले, पडवीच्या दोन टोकांना बसले. मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तेच सगळ्यांच्या लक्षात आलं असणार.

बहिणीचं सांगितलं तेव्हा बायका हसल्या. क्रमाची गोष्ट सांगितली, पहाटेच्यांना आधी पैसे दिले असते तर काय झालं असतं, तेव्हा पडवी गप्प. तुमची तालमुदातली गोष्ट नाही सांगितली, फार झालं असतं. शेवटी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. सहसा कुणी बोलत नाही. थोरला बोलला. म्हणाला, बाई, त्या पहाटेवाल्यांनी मग तो दिनार घेतला, की तिथंच टाकून गेले?

मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बघून सांगते.

पानमळा, वसई

ताई, लिहिलेलंच नाही. मालक म्हणतो, तुझं आहे ते उचल आणि जा. "उचल" असाच शब्द आहे. त्यावरून काहींना वाटतं की त्या माणसाने नाणं खाली टाकलं असावं किंवा हात पुढे केलाच नसावा. पण त्याने उचललं का, ते मत्तय सांगत नाही.

सुरंगीचा वळेसर

त्यांना हेच सांगते मग. उद्या बाजाराला जाताना त्यांचं घर वाटेतच आहे.

नाखवा

आणि बाई, पंपाचां काय झालां?

सुरंगीचा वळेसर

आज सकाळी सहालाच चालू होता. कुणी लावला ते इथून दिसत नाही.